रडारची लहर परत का येत नाही: एफ-117च्या सपाट अंगाची गोष्ट

स्टेल्थ विमान रडारवर दिसतच नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ते दिसतं, पण फार उशिरा दिसतं. ताशी 900 किलोमीटर वेगानं येणारं विमान 200 किलोमीटरवर असतानाच कळलं, तर जमिनीवरच्या लोकांना तेरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात वर कळवता येतं, क्षेपणास्त्रं तयार करता येतात, नेम धरता येतो. तेच विमान 20 किलोमीटरवर कळलं तर हातात उरतात जेमतेम ऐंशी सेकंद. स्टेल्थचा सगळा खटाटोप हा मधला वेळ खाऊन टाकण्यासाठी आहे.

पण हा वेळ स्वस्तात मिळत नाही. रडारची लहर निघाली की पसरत जाते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की विमानावर पडणारी ऊर्जा चौथाई होते. विमानावरून परतणारी लहरही तशीच पसरते आणि पुन्हा चौथाई होते. म्हणजे अंतर दुप्पट केलं की परत येणारा प्रतिध्वनी सोळा पटींनी कमी. हा नियम रडारवाल्यांना जसा छळतो, तसाच विमान बनवणाऱ्यांनाही छळतो. रडारची पल्ला-मर्यादा निम्मी करायची असेल, तर विमानाचा प्रतिध्वनी सोळा पटींनी घटवावा लागतो. दशांश करायची असेल, तर दहा हजार पटींनी.

हा प्रतिध्वनी मोजायचं माप म्हणजे रडार क्रॉस सेक्शन. ते चौरस मीटरमध्ये सांगतात, पण विमानाच्या खऱ्या क्षेत्रफळाशी त्याचा थेट संबंध नसतो. साधारण सव्वा मीटरहून थोडा कमी व्यासाचा धातूचा गोळा समोर धरला, तर तो जेवढा प्रतिध्वनी देईल तो म्हणजे एक चौरस मीटर. एखादं रडार 10 चौरस मीटरचं लढाऊ विमान 200 किलोमीटरवरून पकडत असेल, तर 1 चौरस मीटरचं विमान ते सुमारे 112 किलोमीटरवर पकडेल. 0.01 चौरस मीटर असेल तर 36 किलोमीटरवर, आणि 0.001 चौरस मीटर असेल तर 20 किलोमीटरवर. प्रतिध्वनी निम्मा केला, नव्वद टक्के कमी केला, असल्या सुधारणांनी इथे फारसं काही साधत नाही. नव्वद टक्के घटवला तरी पल्ला फक्त 200चा 112 होतो. हजारपट, दहा हजारपट घट हवी असते, आणि ती आणायला मुख्य हत्यार आहे आकार.

विमानाचा विचार तूर्त बाजूला ठेवून एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा धातूचा सपाट पत्रा घेऊ. लढाऊ विमानांची आणि क्षेपणास्त्रांना नेम देणारी बरीच रडारं साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात, म्हणून लहर तीच धरू. पत्रा रडारकडे बरोबर तोंड करून उभा असेल, तर त्याचा रडार क्रॉस सेक्शन किती येतो? क्षेत्रफळाचा वर्ग घ्यायचा, त्याला 4π नं गुणायचं आणि लहरीच्या लांबीच्या वर्गानं भागायचं. उत्तर येतं सुमारे 14,000 चौरस मीटर. एक चौरस मीटरचा पत्रा आणि चौदा हजारांचा प्रतिध्वनी! कारण पत्रा सगळी ऊर्जा एका बारीक झोतात गोळा करून आल्या वाटेनं परत पाठवतो. अंधाऱ्या खोलीत आरशावर बॅटरी मारावी, तसंच हे. आरसा समोर असेल तर डोळे दिपतात, आणि जरा तिरका केला की झोत भिंतीवर जातो आणि आरसा काळा दिसतो.

त्या पत्र्याचा झोत किती बारीक असतो हे पाहण्यासारखं आहे. पत्रा एक अंशसुद्धा नाही, 0.86 अंश वळवला की रडारकडे परत जाणारी ऊर्जा जवळपास शून्यावर येते. त्यापुढे ती पुन्हा थोडी वाढते, कमी होते, अशी लहान लहान उसळ्या मारत उतरत जाते. पत्रा 30 अंशांनी मागे झुकवला, वरची आणि खालची कड रडारला आडवीच ठेवली, तर त्या उसळ्यांची उंची एक चौरस मीटरच्या किंचित खाली येते. 14,000 वरून एक. नुसत्या कलानं.

आता पत्रा तेवढाच झुकलेला ठेवायचा, पण त्याला त्याच्या स्वतःच्या पातळीत 45 अंश फिरवायचा. म्हणजे रडारच्या बाजूला आता सरळ कड नाही, टोक आहे. गणित पुन्हा मांडलं तर उत्तर येतं 0.0004 चौरस मीटरच्या आसपास. दोन हजार पटींहून जास्त घट, आणि तीही पत्र्याचा कल न बदलता. लहर आडव्या कडेवर पडते तेव्हा अख्खी कड एकाच क्षणी उजळते आणि तिच्या प्रत्येक बिंदूवरून निघालेला भाग एका तालात रडारकडे परततो. कड तिरपी असली की हे भाग एकमेकांच्या मागेपुढे पडतात आणि परस्परांना खोडून काढतात. म्हणून पृष्ठभाग झुकवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच कडा तिरप्या करणंही महत्त्वाचं. एफ-117 या अमेरिकी स्टेल्थ विमानाच्या पंखाची पुढची कड 67 अंशांहून जास्त मागे झुकलेली होती ती याचसाठी. इतका तिरपा पंख ध्वनीच्या वेगापलीकडे जाणाऱ्या विमानाला शोभेल, आणि एफ-117 तर कधीच ध्वनीचा वेग ओलांडत नसे. त्याच्या पंखाचं माप हवेपेक्षा रडारनं ठरवलं होतं.

मात्र वर मांडलेल्या गणितात एक उणीव आहे. ते गणित पत्रा प्रकाशल्यावर त्याच्या सपाट भागावरून काय परत येईल एवढंच धरतं. झोत बाजूला गेल्यावर जी अगदी थोडी ऊर्जा रडारकडे येते, तिच्यात कडेचा स्वतःचा वाटा मोठा असतो. लहर धारेवर आपटली की तिथले विद्युतप्रवाह सपाट भागापेक्षा वेगळे वागतात आणि धार स्वतः चहूकडे लहरी फेकते. मोठ्या झोतापुढे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण झोत घालवून टाकला की उरतं ते हेच.

ही धारेची बाब नीट मांडली सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी. त्यांचं पुस्तक 1962 साली मॉस्कोत छापून आलं. विषय शुद्ध सैद्धांतिक होता, त्यामुळे ते उघडपणे विकलंही गेलं. अमेरिकी हवाई दलाच्या परकीय तंत्रज्ञान विभागानं 1971मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ते कॅलिफोर्नियात लॉकहीडच्या स्कंक वर्क्स या गुप्त प्रकल्पशाळेत डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाच्या वाचनात आलं. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेनं तेव्हा विमान कंपन्यांना विचारलं होतं की रडारला जवळजवळ न दिसणारं विमान होईल का. ओव्हरहोल्सरला उफिमत्सेवच्या समीकरणांत उत्तराची वाट दिसली. निवृत्त गणितज्ञ बिल श्रोडर यांच्या मदतीनं त्यानं 1975मध्ये काही आठवड्यांत संगणकाचा एक प्रोग्रॅम उभा केला आणि त्याला नाव दिलं एको-1.

एफ-117 असं कापल्यासारखं, टोकेरी का दिसतं याचं कारण याच प्रोग्रॅममध्ये आहे. 1975च्या संगणकाला वक्र पृष्ठभागाचा प्रतिध्वनी काढणं झेपत नव्हतं. सपाट त्रिकोणी आणि चौकोनी पत्र्यांचा झेपत होता. प्रत्येक पत्र्याचं उत्तर काढायचं, प्रत्येक धारेचं काढायचं, सगळ्यांची बेरीज करायची. मग विमानच सपाट पत्र्यांचं बनवायचं ठरलं, कारण जे मोजता येतं तेच सुधारता येतं. पहिला आकार इतका विचित्र निघाला की हवाविज्ञानाची माणसं त्याला ‘होपलेस डायमंड’ म्हणू लागली. त्यांचा वैताग खरा होता. असं विमान स्वतःहून सरळ उडत नाही, ते सारखं कोलमडू पाहतं. संगणक सेकंदाला अनेकदा पंखांच्या हलत्या भागांना दुरुस्त्या देत राहतो म्हणूनच ते हवेत टिकतं. दहा वर्षं आधी हा आकार कुणाला सुचला असता, तरी तो उडवणं शक्य नव्हतं.

गणित खरं आहे का हे पाहायला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात खांबावर नमुने चढवून मोजमाप झालं. तिथे अनपेक्षित अडचण आली. खांब नमुन्यापेक्षा जास्त चमकत होता. आजवर त्या खांबावर जे जे चढलं त्याचा प्रतिध्वनी इतका मोठा असे, की खांबाचा स्वतःचा प्रतिध्वनी त्यात बुडून जाई. आता नमुना एवढा शांत होता, की आधी नवा खांब बनवावा लागला. एकदा मोजणी अचानक बिघडली, कारण नमुन्यावर पक्षी येऊन बसले होते. पक्ष्यांनी टाकलेली शीटसुद्धा मोजमापात कळत होती. स्कंक वर्क्सचे प्रमुख बेन रिच पुढे अधिकाऱ्यांच्या टेबलावर बेअरिंगमधली पोलादी गोळी घरंगळत सोडत आणि सांगत की तुमचं विमान रडारला एवढं दिसेल.

पत्रे तिरके केले म्हणजे झालं असं मात्र नाही, कारण विमानाला पोकळ्या असतात आणि कोपरे असतात. दोन पत्रे काटकोनात जोडले की ते फार वाईट. लहर एकावरून दुसऱ्यावर आपटते आणि हमखास आल्या दिशेनं परतते, मग तुम्ही तो कोपरा सांध्याभोवती थोडा इकडे वळवा की तिकडे. जहाजावरच्या लहान बोटींना मुद्दाम असे धातूचे कोपरे टांगतात, त्या दिसाव्यात म्हणून. नेहमीच्या लढाऊ विमानात उभी शेपटी आणि आडवा पंख मिळून असाच कोपरा तयार होतो. एफ-117ची शेपटी म्हणूनच व्ही आकारात बाहेर कललेली होती.

इंजिनाचं तोंड ही याहून मोठी डोकेदुखी. लहर त्या बोगद्यात शिरते, आत फिरणाऱ्या पात्यांवर आपटते, भिंतींवर उड्या मारत त्याच तोंडातून बाहेर येते. एफ-117च्या इंजिनांच्या तोंडावर म्हणून जाळी बसवली होती. तिची छिद्रं सुमारे दीड सेंटिमीटरची. लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा छिद्र अरुंद असेल तर लहर आत शिरू शकत नाही, तिच्या लेखी ती जाळी म्हणजे एक तिरका पत्राच. हवा मात्र आत जाते, थोडी कुरकुरत. या जाळीवर बर्फ धरायचा, आणि तो काढायला वेगळी सोय करावी लागली. कॉकपिटचंही तसंच. काच रडारला पारदर्शक असते, त्यामुळे आतली खुर्ची, उपकरणं, वैमानिकाचं हेल्मेट असा सगळा कोपऱ्यांचा बाजार रडारला दिसतो. काचांवर सोन्याचा अतिपातळ थर दिला, की काच रडारसाठी धातूच्या पत्र्यासारखी होते आणि लहर बाहेरच्या बाहेर वळते.

आणखी एक युक्ती विमान वरून पाहिलं की कळते. कितीही केलं तरी कडा काही दिशांना चमकणारच. मग सगळ्या कडांना मोजक्याच दिशांना समांतर लावायचं. पंखाची पुढची कड, मागची कड, चाकांच्या दारांच्या कडा, बॉम्बच्या कप्प्याची दारं, सगळ्यांच्या चमका त्याच चार-सहा दिशांना जाव्यात. म्हणूनच स्टेल्थ विमानाच्या झाकणांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या असतात. उडत्या विमानाचा कोन सारखा बदलत असल्यानं अशी चमक एखाद्या रडारवर क्षणभर पडते आणि निघून जाते. एका क्षणाच्या ठिपक्यावरून माग काढता येत नाही.

एवढं सगळं आकारानं केलं, आता रडारशोषक पदार्थांकडे येऊ. लोकांच्या बोलण्यात स्टेल्थ म्हणजे काळा रंग, असा रंगाचा फार दबदबा आहे. हिशेब मांडला तर तो दबदबा ओसरतो. समजा, एखाद्या लेपानं 99 टक्के ऊर्जा शोषली. प्रतिध्वनी शंभर पटींनी कमी झाला. चौथ्या घाताच्या नियमानं पल्ला घटला साधारण तीन पटींनी, 200 किलोमीटरचा 63. साधं विमान असल्या लेपानं माखलं, तरी त्याचा कोपरा आणि इंजिनाचं तोंड त्याला 63 किलोमीटरवर पकडून देईल. ओव्हरहोल्सरच्या नावावर एक म्हणणं सांगितलं जातं, की स्टेल्थला चार गोष्टी लागतात: आकार, आकार, आकार आणि शेवटी पदार्थ. मला ते अगदी बरोबर वाटतं. आकारानं मोठे झोत घालवल्यावर जे उरतं, कडा, फटी, पृष्ठभागावर सरपटणाऱ्या लहरी, तिथे हे पदार्थ खरे उपयोगी पडतात.

ते ऊर्जा कशी खातात? सर्वांत समजायला सोपी रचना दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकी शास्त्रज्ञ सॉल्सबरी याच्या नावानं ओळखली जाणारी. धातूच्या पत्र्यासमोर लहरीच्या चतुर्थांश लांबीवर एक पातळ, किंचित वीजवाहक पडदा उभा करायचा. आपल्या तीन सेंटिमीटरच्या लहरीला हे अंतर साडेसात मिलिमीटर. लहरीचा काही भाग पडद्यावरूनच परततो, काही भाग आत जाऊन धातूवर आपटून परततो. आत जाणारा भाग साडेसात मिलिमीटर जाऊन साडेसात मिलिमीटर परत येतो, म्हणजे अर्धी लहर मागे पडतो. एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार. बाहेर दोघं एकमेकांना खोडतात आणि ऊर्जा पडद्यात मुरून उष्णता होते. ती उष्णता इतकी थोडी असते की हाताला कळणारही नाही.

त्याची अडचणही याच वर्णनात आहे. लहर दीड सेंटिमीटरची आली, तर तेच साडेसात मिलिमीटर तिच्यासाठी अर्धी लांबी होते आणि पडदा निकामी ठरतो. शिवाय विमानाच्या अंगाभोवती असा पोकळ पडदा घेऊन उडणार कसं? म्हणून लेपात लोखंडाची अतिबारीक गोल भुकटी, कार्बोनिल आयर्न, रबरासारख्या माध्यमात कालवतात. अशा पदार्थात लहर मंदावते आणि तिची लांबी आखडते, त्यामुळे साडेसातऐवजी दीड-दोन मिलिमीटरचा थर पुरतो. भुकटीतले चुंबकीय कण लहरीच्या चुंबकीय क्षेत्रामागे सेकंदाला अब्जावधी वेळा वळायचा प्रयत्न करतात, मागे पडतात आणि त्या ओढाताणीत ऊर्जा उष्णता होऊन जाते. किंमत वजनात मोजावी लागते. असा पदार्थ पाण्याच्या चौपट जड धरला, तर दोन मिलिमीटरचा थर चौरस मीटरला आठ किलो होतो. शंभर चौरस मीटर माखले की 800 किलो. तेवढं इंधन किंवा शस्त्र कमी. पंखाच्या पुढच्या कडेत मात्र वेगळी सोय असते. तिथे आत खोली मिळते, म्हणून बाहेर लहरीला मोकळं आणि आत जाईल तसतसं जास्त शोषणारं साहित्य भरता येतं, आणि ते बऱ्याच लांबींच्या लहरींना लागू पडतं.

एफ-117वर हा पदार्थ सुरुवातीला लिनोलियमसारख्या चादरींच्या रूपात चिकटवलेला होता. पत्र्यावर चादर कापून लावायची, सांधे भरायचे, स्क्रूच्या डोक्यांवर लुकण भरायचं, आणि दुरुस्तीसाठी एखादं झाकण उघडलं की हे सगळं पुन्हा करायचं. यात थोडी हयगय झाली तर काय होतं, हे एफ-117च्या आधी उडालेल्या हॅव ब्लू या चाचणी विमानानं दाखवून दिलं. त्याचं पहिलं उड्डाण 1 डिसेंबर 1977चं. पुढे एका चाचणीत, आदल्या दिवशीपर्यंत गप्प असलेलं विमान एकाएकी सुमारे 80 किलोमीटरवरून रडारवर झळकू लागलं. खाली उतरवून इंच इंच तपासलं तेव्हा एका झाकणाचे तीन स्क्रू पूर्ण आवळलेले नव्हते असं निघालं. डोकी तीन मिलिमीटरसुद्धा वर आली नव्हती.

तीन मिलिमीटरनं एवढं का बिघडावं? विमान समोरून येतं तेव्हा रडारची लहर त्याच्या अंगाला घासून जाते आणि पृष्ठभागावर विद्युतप्रवाह होऊन मागे सरपटते. पृष्ठभाग अखंड असेपर्यंत तिला परतायला काही कारण मिळत नाही. फट, पायरी, वर आलेलं डोकं, झाकण आणि शेजारचा पत्रा यांच्यातला तुटलेला विद्युतसंपर्क, यांपैकी काही आलं की प्रवाह अडतो आणि तिथून लहर पुन्हा बाहेर पडते. साध्या विमानातही हे होतच असतं, पण तिथे 10 चौरस मीटरच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही. बाकी सगळं विमान शांत झालं, की एक स्क्रूही बोलका होतो.

असा दोष डोळ्यांनी सापडेलच असं नाही. कारखान्यात विमान किंवा त्याचा भाग फिरत्या चौथऱ्यावर ठेवून निरनिराळ्या कोनांतून, निरनिराळ्या लांबीच्या लहरींनी मोजतात. त्या मोजण्यांतून संगणक विमानाचं एक रडारी चित्र उभं करतो आणि त्यात चमकणारा ठिपका नेमक्या कुठल्या झाकणावर आहे ते कळतं. तळावर मात्र कष्ट अटळ असतात. बी-2 या मोठ्या बॉम्बफेक्याच्या सांध्यांवर टेप आणि भरणी लावलेली असायची, ती सुकायला वेळ घ्यायची, ओलाव्यानं खराब व्हायची. 1997 साली अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण विभागानं स्पष्टच लिहिलं, की या विमानांना पाऊस, उष्णता आणि दमटपणापासून जपायला हवामान-नियंत्रित हँगर लागतात. पुढे टेपच्या जागी यंत्रहातांनी फवारलेला चुंबकीय लेप आला आणि दुरुस्तीचा वेळ कमी झाला.

आता या सगळ्याची हद्द कुठे आहे ते पाहू. 27 मार्च 1999च्या रात्री सर्बियातल्या बुदानोव्त्सी गावाजवळ एक एफ-117 पाडलं गेलं. पाडणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता झोल्तान दानी, क्षेपणास्त्रं साठीच्या दशकातली सोव्हिएत एस-125. हीच यंत्रणा आपल्या वायुदलात पेचोरा या नावानं वर्षानुवर्षं आहे. वैमानिक डेल झेल्को पॅराशूटनं उतरला आणि त्याला सोडवून नेण्यात आलं. दानीच्या तुकडीकडे शोध घेणारं जे पी-18 रडार होतं, त्याची लहर तीन सेंटिमीटरची नव्हती. ती साधारण दोन मीटरची होती.

आपला एक मीटरचा पत्रा दोन मीटरच्या लहरीसमोर धरून पाहा. सूत्र इथे ढोबळच चालतं, पण दिशा बरोबर दाखवतं. समोरून प्रतिध्वनी येतो तीन चौरस मीटरच्या आसपास, 14,000 नाही. पण झोत कुठे संपतो? तीन सेंटिमीटरला तो 0.86 अंशात संपत होता, दोन मीटरला तो 90 अंशांपर्यंत पसरतो. म्हणजे पत्रा कसाही झुकवा, प्रतिध्वनीचा बराच भाग रडारकडे जातच राहतो. लहर वस्तूच्या मापाची झाली, की तिला पत्र्याचा कल आणि कडेचा तिरपेपणा कळेनासा होतो, नुसती वस्तू आहे एवढं कळतं. शेपटीचे पंख आणि पंखांची टोकं अशा वेळी अँटेनासारखी घुमू लागतात. लेपाचीही तीच गत. दोन मीटरच्या लहरीची चतुर्थांश लांबी होते अर्धा मीटर, तिथे दोन मिलिमीटरचा थर काय करणार?

मग सगळेच मीटरच्या लहरी का वापरत नाहीत? कारण लांब लहरीचा झोत बारीक करायला प्रचंड अँटेना लागतो. पी-18ला विमान साधारण कुठे आहे ते सांगता येतं, क्षेपणास्त्राला नेम देण्याइतकं अचूक सांगता येत नाही. नेमासाठी दानीला शेवटी छोट्या लहरीचं रडार चालू करावंच लागलं, आणि त्यासमोर एफ-117चा आकार आपलं काम करतच होता. दानीनं सांगितल्यानुसार, पी-18वर विमान 23 किलोमीटरवर आलं आणि नेमाच्या रडारला ते 13 किलोमीटरवर सापडलं. नेमाचं रडार एका वेळी काही सेकंदच चालू ठेवायचं, नाहीतर त्याच्या लहरीच्या वाटेनं क्षेपणास्त्र येऊन धडकेल, अशी त्याच्या तुकडीची शिस्त होती. विमानांचे मार्ग रात्रीमागून रात्री तेच राहिले होते, म्हणून कुठे वाट पाहायची हेही तिला ठाऊक होतं. त्या रात्री जमलेलं हे सगळं पाहिलं, तर एफ-117चा आकार फसला असं म्हणणं मला पटत नाही. त्यानं रडारचा पल्ला तेरा किलोमीटरवर आणला होता, आणि विमान नेमकं त्या तेरा किलोमीटरच्या आत आलं.

लांब लहरींवर उतारा आकारातच शोधला गेला आहे, आणि आपल्या पत्र्याचंच गणित तो दाखवतं. पत्रा एक मीटरऐवजी पाच मीटरचा केला, तर दोन मीटरच्या लहरीलाही त्याचा झोत सुमारे साडेअकरा अंशांत संपतो. म्हणजे पृष्ठभाग मोठे आणि अखंड असतील, लहान कल्ले आणि शेपट्या नसतील, तर झुकवण्याचा फायदा मीटरच्या लहरींसमोरही बराचसा टिकतो. 1989मध्ये पहिल्यांदा उडालेलं बी-2 म्हणूनच 52 मीटर रुंदीचा एक सलग पंख आहे, त्याला शेपटीच नाही. त्यात सपाट पत्रेही नाहीत. तोवर संगणक वक्र पृष्ठभागांचा हिशेब करू लागले होते, आणि सतत बदलणाऱ्या वक्रतेत चमकायला मोठा सपाट भागच उरत नाही. लहान लढाऊ विमानांना हे करता येत नाही. त्यांना चपळपणे वळायचं असतं, शेपट्या लागतात, आणि त्या शेपट्या दोन मीटरच्या लहरीला दिसतातच. तिथे रचनाकार तीन सेंटिमीटरच्या नेमाच्या रडारपासून लपण्यावर भर देतात आणि लांब लहरींच्या रडारला थोडंफार दिसणं पत्करतात.